डेटा एंट्रीची टायपिंग टेस्ट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझी पहिली टेस्ट महाप्यात एका ऑफिसात झाली. त्या ऑफिसात हॉस्पिटलची बिलं आणि विम्याचे फॉर्म भरायचं काम चालायचं. पाच मिनिटांचा इंग्रजी उतारा होता. माझा स्पीड आला ४३, शेजारच्या खुर्चीतल्या मुलीचा ३१. तिला आत बोलावलं आणि मला ‘कळवतो’ सांगून गेट दाखवलं. परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात तिची ओळख काढत बसले होते, नक्कीच आतलं कोणीतरी असणार म्हणून. तसं काही नव्हतं. पुढे मी याच कामात लागले, आणि आता आमच्या ऑफिसात नवीन मुलामुलींना टेस्टला बसवायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. तेव्हा कुठे कळलं की मी नेमकी कशात मार खाल्ला होता.

हा लेख खाजगी ऑफिसातल्या बॅक ऑफिस टेस्टबद्दल आहे. सरकारी भरतीचे नियम वेगळे असतात आणि ते जाहिरातीत छापलेले असतात, ते तिथूनच वाचा.

## १. बोलावणं आलं की फोनवरच चार गोष्टी विचारा

एचआरचा फोन आला की आपण ‘हो मॅडम, येते मॅडम’ करून ठेवून देतो. तसं करू नका. हे विचारल्याने कोणी रागावत नाही:

- उतारा इंग्रजी की मराठी? मराठी असेल तर कोणता कीबोर्ड, इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन?
- टेस्टमध्ये बॅकस्पेस चालतो का?
- नुसता उतारा आहे, की फॉर्म आणि एक्सेलही?
- अचूकता कशावर मोजता: अक्षरावर, शब्दावर की फॉर्मवर?

मराठीचा प्रश्न हलका समजू नका. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असलेली मुलं इनस्क्रिप्टसमोर बसली की त्यांना ‘क’ सापडत नाही. मराठी टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा दिली असेल तरी तुम्ही शिकलात तोच कीबोर्ड तिथल्या मशीनवर असेल असं धरून चालू नका.

याच फोनवर आणखी एक गोष्ट कळते. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर तिथे जायचंच नाही. घरबसल्या फॉर्म भरायच्या कामात याचं दुसरं रूप बघायला मिळतं. आधी ऑनलाइन करारावर सही घेतात, आठवडाभर काम करून घेतात, मग ‘तुमची अचूकता कमी भरली, दंड भरा’ म्हणत वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड.

## २. स्पीड आणि अचूकता मोजतात कशी, हे आधी समजून घ्या

टायपिंगमध्ये ‘शब्द’ म्हणजे खरा शब्द नसतो, तो पाच बटणांचा हिशोब असतो. स्पेससुद्धा त्यात मोजतात. पाच मिनिटांत मी १,०७५ बटणं दाबली. भागिले पाच केलं की २१५ शब्द, आणि मिनिटाला ४३.

काही जाहिरातींत शब्दांऐवजी ताशी बटणांचा आकडा देतात, उदाहरणार्थ ताशी ८,०००. आकडा बघून दडपून जाऊ नका. साठ मिनिटांनी भागा, मग पाचाने भागा. उत्तर मिनिटाला २७ शब्दांच्या आतच येतं.

आता माझी चूक. माझ्या २१५ शब्दांत २४ ठिकाणी एकेक अक्षर चुकलं होतं. घरी ज्या वेबसाइटवर सराव करायचे ती अक्षरं मोजायची. १,०७५ पैकी २४ चुकली म्हणजे अचूकता जवळजवळ ९८ टक्के. मी खूश! त्या ऑफिसात मात्र शब्द मोजत होते. एक अक्षर चुकलं की अख्खा शब्द गेला. २१५ पैकी २४ शब्द गेले, म्हणजे अचूकता ८९ टक्क्यांच्या आत. त्यांना हवे होते किमान ९५. शेजारच्या मुलीने १५५ शब्द टाइप केले आणि तीन चुकवले, म्हणजे ९८ टक्के. त्यांना ३० च्या वर स्पीड पुरेसा होता, ४३ चं त्यांना कौतुक नव्हतं.

चुकीला ते इतके का जपतात, हे मला कामाला लागल्यावर समजलं. बऱ्याच ऑफिसांत महत्त्वाचे फॉर्म दोन वेगवेगळ्या माणसांकडून भरून घेतात आणि सिस्टीम दोन्ही एंट्री ताडून बघते. जिथे फरक पडेल तो फॉर्म तिसऱ्याकडे जातो. म्हणजे तुमची एक चूक निस्तरायला आणखी एक माणूस मूळ कागद उघडून बसतो. जोरात टाइप करून वाचवलेले चार सेकंद तिथे कुठच्या कुठे वाहून जातात.

म्हणून घरच्या वेबसाइटने ९८ टक्के दाखवले की थोडं थांबा आणि चुकलेले शब्द स्वतः मोजा. तो आकडा खरा.

## ३. पंधरा दिवसांचा सराव

रोज पाऊण तास पुरतो. रविवारी एकदम पाच तास बसून काही होत नाही, बोटं दुखतात तेवढी.

पहिले पाच दिवस स्पीडकडे बघूच नका. डाव्या हाताची तर्जनी F वर, उजव्या हाताची J वर. दोन्ही बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की हात जागेवर आहे हे खाली न बघता कळतं. वेबसाइटवर सुटे सुटे शब्द येतात, त्याने बोटं मोकळी होतात, पण टेस्टमध्ये येतो तो पूर्ण परिच्छेद. त्यात कॅपिटल अक्षरं, स्वल्पविराम, आकडे, कंसही असतात. इंग्रजी पेपरातली बातमी कागदावरून बघून टाइप करा. कागदावरून बघण्याची सवय वेगळीच असते. स्क्रीनवरून बघून स्क्रीनवर टाइप करणारा माणूस कागद पुढे ठेवला की ओळ हरवतो.

नंतरचे पाच दिवस आकड्यांना द्या. बहुतेक जण हे टाळतात आणि नेमके इथेच आपटतात. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर ५ च्या बटणावर उंचवटा असतो. तर्जनी ४ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ६ वर, अंगठा ० वर आणि करंगळी एंटरवर. लॅपटॉपला ही पट्टी नसेल तर यूएसबीचा सुटा नंबरपॅड मिळतो, किंवा सायबर कॅफेत जाऊन डेस्कटॉपवर बसा. वरच्या ओळीतले आकडे दाबून दिवसभराची एंट्री होत नाही, आणि टेस्ट घेणारा मागे उभा राहून पहिलं तेच बघतो.

आकड्यांसाठी साहित्य घरातच असतं. लाइटची बिलं, पासबुक, किराणामालाची बिलं. महावितरणच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख आणि रक्कम असे तीन कॉलम करा आणि वर्षभराची बिलं भरून काढा. मग कागदाशी एकेक ताडून बघा. मी हे केलं तेव्हा पहिल्या दिवशी बारा बिलांत चार चुका निघाल्या, आणि त्यातल्या तीन एकाच जातीच्या: शेजारशेजारचे आकडे उलटे पडलेले, ४७ च्या जागी ७४. तुमच्याही चुका अशाच एका जातीच्या निघतील. ती जात ओळखा.

शेवटचे पाच दिवस एक्सेल. संगणकात एक्सेल नसेल तर फुकट मिळणारं लिबरऑफिस कॅल्क चालेल. मोबाइलवर मात्र हा सराव करू नका, टेस्टमध्ये सगळा खेळ टॅब आणि एंटरचा असतो.

## ४. सोबत काय न्यायचं

- बायोडेटाच्या दोन प्रती
- दहावी, बारावी आणि पुढचं जे असेल त्याच्या मार्कशीटच्या झेरॉक्स. ओरिजिनल फक्त दाखवायला
- आधार, पॅन आणि दोन फोटो
- एमएस-सीआयटी किंवा टायपिंगचं सर्टिफिकेट असेल तर
- निळं पेन आणि कोरा कागद
- चष्मा लागत असेल तर तो, विसरू नका

ओरिजिनल मार्कशीट ‘जमा करून घेतो’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. झेरॉक्सवर सही करताना तारीख आणि कशासाठी दिली तेही लिहा.

## ५. खुर्चीत बसल्यावरची पहिली दोन मिनिटं

टेस्ट सुरू करायच्या आधी बहुतेक ठिकाणी ‘बसा, सेट व्हा’ म्हणतात. ती दोन मिनिटं देवाचं नाव घेण्यात घालवू नका.

नंबरलॉक चालू आहे का बघा. बंद असेल तर ८ दाबल्यावर कर्सर वर उडतो. कॅप्सलॉक बंद आहे ना बघा. एक नोटपॅड उघडून दोन ओळी टाइप करा. एखादं बटण अडकत असेल, स्पेसबार दोनदा उमटत असेल तर तिथल्या तिथे सांगा. टेस्ट झाल्यावर ‘कीबोर्ड खराब होता’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आधी सांगितलं तर मशीन बदलून देतात. मी स्वतः कितीदा दिलंय.

एक्सेल उघडता येत असेल तर एका सेलमध्ये `25/12/2024` टाइप करून एंटर दाबा. तारीख सेलच्या उजव्या कडेला गेली तर मशीन दिवस आधी, महिना नंतर असं वाचतंय. डाव्या कडेलाच राहिली तर मशीन अमेरिकन पद्धतीवर आहे. पंचविसावा महिना नसतो म्हणून त्याने तुमची तारीख नुसता मजकूर समजून ठेवली. हे का महत्त्वाचं, ते आठव्या पायरीत येतं.

## ६. उतारा

इथे एकच तंत्र: पहिलं मिनिट मुद्दाम हळू. घाबरलेलं बोट पहिल्या मिनिटातच सगळ्यात जास्त चुकतं. उरलेला स्पीड आपोआप येतो.

डोळे कागदावर किंवा उताऱ्यावर ठेवा, आपण टाइप केलेल्या ओळीवर नको. बॅकस्पेस चालत असेल तर चालू शब्दातली चूक लगेच सुधारा. तीन शब्द मागची चूक दिसली तर सोडून द्या. ती सुधारायला पंधरावीस बटणं जातात आणि नवीन चूक होते ती वेगळीच.

शब्द गाळू नका. काही साधी सॉफ्टवेअर उताऱ्यातला पाचवा शब्द तुमच्या पाचव्या शब्दाशी ताडतात. तुमचा एक शब्द गळला की पुढचे सगळे शब्द एक घर सरकतात आणि सगळेच चूक ठरतात. ओळ सुटली असं वाटलं तर थांबून जागा शोधा, अंदाजाने पुढे जाऊ नका. पूर्णविरामानंतर एकच स्पेस. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दोन स्पेसची सवय लागलेली असेल तर आधी विचारून घ्या.

## ७. फॉर्म भरायची टेस्ट

माझ्या मते खरी परीक्षा हीच, उतारा नुसती चाळणी आहे. तुम्हाला स्कॅन केलेले दहावीस फॉर्म देतात, हाताने भरलेले. शेजारी स्क्रीनवर रिकामे रकाने. अर्धा तास.

पहिला नियम: जसं दिसतं तसं. फॉर्मवर नाव Sumeet असेल तर Sumit करायचं नाही. पत्त्यात ‘कोल्हापूर’चं स्पेलिंग चुकलं असेल तरी सूचनेत सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. हुशार मुलं इथे हमखास मार्क घालवतात. त्यांना चूक बघवत नाही. पण माणसाने स्वतःचं नाव कसं लिहावं हा तुमचा विषय नाही. त्याचं आधार आणि बँक खातं त्याच स्पेलिंगवर असू शकतं.

दुसरं, आपल्याकडचा खास खड्डा. आपल्या भागातल्या फॉर्मवर लोक मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळून लिहितात. घाईत लिहिलेला मराठी १ हुबेहूब इंग्रजी 9 सारखा दिसतो. मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. आमच्याकडे टेस्टच्या फॉर्मांत असा एक फॉर्म मुद्दाम ठेवलेला आहे. त्यात मोबाइल नंबर मराठी आकड्यांत आहे आणि त्यात दोन १ आहेत. घाईत असलेला माणूस दोन्ही ठिकाणी 9 मारून मोकळा होतो. त्यावर उपाय म्हणजे तोच आकडा त्याच फॉर्मवर दुसरीकडे शोधायचा. जन्मतारीख, पिनकोड, सहीखालची तारीख बघा. त्या माणसाचा १ कसा असतो आणि ९ कसा, ते एकदा कळलं की पुढे शंका राहत नाही.

तिसरं, काही रकाने स्वतःच तुम्हाला तपासू देतात. ही माहिती पाठ असलेला उमेदवार पन्नासात एखादा भेटतो:

पॅनमध्ये दहा जागा असतात. आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. माणसाचं पॅन असेल तर चौथं अक्षर P, आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे पाटलांच्या पॅनमध्ये पाचव्या जागी तुम्हाला R दिसत असेल तर ते बहुधा वरचा गोल नीट न मिटलेलं P आहे, पुन्हा बघा. बहुधा एवढ्यासाठीच म्हणते, की लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या फॉर्मवर ते जुळणार नाही.

आयएफएससीमध्ये अकरा जागा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य. इंग्रजी O कधीच नाही. हाताने लिहिलेलं गोल चिन्ह बघून अर्धे लोक O मारतात.

पिनकोड सहा आकडी, आणि महाराष्ट्राचे 40 ते 44 ने सुरू होतात. पत्ता सांगलीचा आणि पिन 8 ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुतेक ४ चुकीचा वाचलाय.

अक्षर लागतच नसेल तर अंदाज करायचा नाही. सूचनेत अशा वेळी काय लिहायचं ते दिलेलं असतं, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे रकाना रिकामा ठेवून शेरा. दिलेलं नसेल तर हात वर करून विचारा. विचारणाऱ्याचे मार्क आम्ही कापत नाही. ठोकून देणाऱ्याचे कापतो.

आणि हिशोब इथेही लक्षात ठेवा. वीस फॉर्म, प्रत्येकी बारा रकाने, म्हणजे २४० रकाने. पाच चुकले तर रकान्यांवर अचूकता ९७.९ टक्के. पण ते पाच वेगवेगळ्या फॉर्मांत पडले असतील आणि मोजणी फॉर्मवर असेल तर वीसपैकी पंधराच फॉर्म शुद्ध, म्हणजे ७५ टक्के. म्हणून तर फोनवर तो चौथा प्रश्न.

वेळ संपत आली तर अठरा फॉर्म तपासून द्या, वीस घाईने भरू नका. अपवाद एकच: सूचनेत ‘सर्व फॉर्म पूर्ण करणे आवश्यक’ लिहिलं असेल तर.

## ८. एक्सेल

अवघड फॉर्म्युले फारसे कोणी विचारत नाही. पण एक्सेल तुमच्या नकळत टाइप केलेलं बदलतं, आणि ते तुमच्या लक्षात येतं का हे बघतात. माझ्या अनुभवात चार ठिकाणी उमेदवार फसतात.

पुढचा शून्य. कर्मचारी क्रमांक `00457` टाइप केला की एक्सेल 457 करतं. बारा आकडी आधार किंवा ग्राहक क्रमांक टाकला की `1.23457E+11` असं काहीतरी दिसतं. आणि सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर त्याहून वाईट, कारण एक्सेल पंधराच आकडे जपतं आणि सोळाव्याचा शून्य करून टाकतं. तो आकडा नंतर काही केल्या परत येत नाही. म्हणून आकडे भरायच्या आधी पूर्ण कॉलम निवडा, Ctrl+1 दाबा, Text निवडा, ओके करा. टाइप करून झाल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, आधीच करायचं. ज्या क्रमांकांची बेरीज कधी होणार नाही ते सगळे मजकूर म्हणून ठेवा.

तारीख. मशीन अमेरिकन पद्धतीवर असेल आणि तुम्ही ५ एप्रिलसाठी `05/04/2024` टाकलंत तर ते मुकाट्याने ४ मे समजतं. दिसायला सगळं बरोबर दिसतं, चूक कळतच नाही. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा मात्र मजकूर म्हणून डावीकडे जाऊन बसतात. म्हणून एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा गोंधळ झालाय. सुटका सोपी आहे: महिना अक्षरांत टाका, `5-Apr-2024`. मग मशीन कुठल्याही पद्धतीवर असो, फरक पडत नाही.

आपोआप भरणं. वरच्या एखाद्या सेलमध्ये ‘Pune Cantonment’ असेल आणि तुम्ही खाली Pune टाइप केलंत तर एक्सेल उरलेलं स्वतःच पुढे दाखवतं. तुम्ही टॅब मारलात की ते पक्कं होतं. नको असेल तर आधी Delete दाबा, मग टॅब. आमच्याकडे एकदा एका मुलाच्या यादीत ‘Sunil’ नावाची तीन माणसं ‘Sunil Kumar’ झाली होती. त्याने एकही बटण चुकीचं दाबलेलं नव्हतं.

सॉर्ट. ‘नावाप्रमाणे लावा’ असं सांगतात. नुसता नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केलं की एक्सेल विचारतं, Expand the selection की Continue with the current selection. दुसरं निवडलंत की नावं हलतात आणि समोरचे पगार जागेवरच राहतात. एकाचा पगार दुसऱ्याच्या नावावर. झालंच तर लगेच Ctrl+Z, फाइल सेव्ह करायच्या आधी.

फॉर्म्युल्यांत बेरीज, सरासरी, आणि पुष्कळदा हा एक विचारतात, दुसऱ्या शीटमधून माहिती आणायचा:

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:C,3,FALSE)
```

शेवटचं FALSE गाळू नका, नाहीतर जवळपासची कुठलीही किंमत उचलून आणतं. समोर नाव दिसत असूनही `#N/A` आलं तर बहुतेक वेळा नावामागे एक अदृश्य स्पेस असते. TRIM लावून बघा. नाहीतर एका शीटमध्ये क्रमांक आकडा म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून असतो.

हातात दोन मिनिटं उरली तर स्वतःची तपासणी करा. पॅन D कॉलममध्ये असेल तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये

```
=LEN(D2)
```

लिहून खालपर्यंत ओढा. सगळीकडे 10 यायला हवं. कुठे 9 किंवा 11 दिसलं की तिथे चूक आहे. तपासून झाल्यावर तो कॉलम पुसा. मी टेस्ट घेताना कोणी हे करताना दिसलं की त्या कागदावर मी बारीकशी खूण करते.

फाइल सेव्ह करताना सांगितलेलं नाव आणि सांगितलेलं फोल्डर. उत्तम काम करून फाइल डॉक्युमेंट्समध्ये ‘Book1’ नावाने ठेवून गेलेले लोक दर महिन्याला सापडतात. नाव द्यायला F12 दाबा, फोल्डर डोळ्यांनी बघा, बंद करा आणि एकदा उघडून बघा.

## ९. बोलणं

टेस्ट पार पडली की टीम लीडर दहा मिनिटं बोलतो. इथे फार काही नाही. सीसी आणि बीसीसीत फरक काय, पीडीएफमध्ये सहजासहजी बदल का करता येत नाही, नाइट शिफ्ट जमेल का, राहता कुठे. ‘दिवसभर तेच तेच काम कंटाळवाणं वाटणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘मला आव्हानं आवडतात’ वगैरे पाठ केलेलं उत्तर देऊ नका, तो दिवसाला सात वेळा ऐकतो. मी सांगितलं होतं की तासाने एकदा उठून पाणी पिते आणि परत आल्यावर आधीचे पाच फॉर्म एकदा बघते. त्याने ते लिहून घेतलं.

स्पीड विचारला तर टेस्टमध्ये आला तोच सांगा, आकडा त्याच्यासमोर असतोच. तुम्हीही विचारा: रोजचं टार्गेट किती फॉर्मचं, चूक झाली तर पगार कापतात का, ट्रेनिंगचे दिवस पगारी आहेत का.

## १०. गेटबाहेर आल्यावर

नापास सांगितलं तर दोनच प्रश्न विचारा: कशात कमी पडलो, आणि पुन्हा कधी बसता येईल. बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांनी पुन्हा बसू देतात, पण आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

मग बसस्टॉपवरच कोरा कागद काढा आणि आठवतंय तोवर लिहा: उतारा किती मिनिटांचा, बॅकस्पेस होता का, फॉर्म किती, एक्सेलमध्ये काय विचारलं, हात कुठे अडखळला. महाप्याहून परतताना मी त्या मुलीवर खापर फोडण्यात तो वेळ घालवला. पुढच्या ऑफिसातून, ऐरोलीहून परतताना मात्र लिहिलं. त्या कागदावर वर लिहिलंय: ‘नंबरलॉक बंद होता, तीन फॉर्मनंतर कळलं.’ तिथेही माझं काम झालं नाही. तिसऱ्या ठिकाणी बसल्याबसल्या मी आधी ८ दाबून बघितला.